शून्यापलीकडची उडी

कागदावर पाच आकडे लिहा: 2, 3, 1, 1, 4. ही पाच घरं आहेत असं समजा आणि पहिल्या घरात उभे राहा. घरातला आकडा सांगतो की इथून पुढे जास्तीत जास्त किती घरं उडी मारता येईल. दोन असेल तर एक घर पुढे जा किंवा दोन, मर्जी तुमची. मागे फिरायचं नाही. प्रश्न एवढाच, की शेवटच्या घरात पोहोचता येईल का? इथे येईल. पहिल्यावरून एक घर पुढे गेलं की तिथे तीन आहे, आणि तीन घरांची उडी थेट शेवटच्या घरात पडते.

आता दुसरी यादी: 3, 2, 1, 0, 4. पहिल्या घरातून तीन, दुसऱ्यातून दोन, तिसऱ्यातून एक. कुठूनही कितीही उडी मारा, चौथ्या घराच्या पुढे पाऊल पडत नाही, आणि चौथ्या घरात शून्य आहे. शेवटचं घर एका हाताच्या अंतरावर, पण तिथे जाणारी वाट नाही.

हा ‘जंप गेम’. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर तो 55 क्रमांकाचा प्रश्न आहे आणि वरच्या दोन्ही याद्या तिथल्या नमुना उदाहरणांतल्याच आहेत. मुलाखतींची तयारी करणारी मुलं हा प्रश्न हमखास सोडवतात. पुण्यात शेवटच्या वर्षाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी एक मॅडम नोकरी सांभाळून रविवारी वर्ग घेतात, तिथे मी मागच्या बाकावर बसून हा प्रश्न शिकवला जाताना पाहिला. उत्तर सहा-सात ओळींचं आहे. त्या ओळींतली एक अशी आहे, की ती गाळली तरी प्रोग्राम सुरळीत चालतो, कुठे अडखळत नाही आणि ठामपणे चुकीचं उत्तर देतो. हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे.

सगळ्या वाटा चालून पाहणं

संगणक घरांना शून्यापासून क्रमांक देतो, तेव्हा पाच घरांचे क्रमांक 0 ते 4. इथून पुढे मीही तसंच मोजणार आहे.

सरळ विचार केला तर प्रत्येक घरातून शक्य ती प्रत्येक उडी मारून पाहायची आणि एखादी तरी वाट शेवटपर्यंत जाते का ते बघायचं. उत्तर बरोबर येईल, पण कधी येईल ते सांगता येत नाही. प्रत्येक आकडा पुरेसा मोठा असेल तर पहिल्या आणि शेवटच्या घरामधल्या प्रत्येक घराबाबत ‘इथे थांबायचं की नाही’ असे दोन पर्याय उरतात. तीस घरं असतील तर मधली अठ्ठावीस, म्हणजे वाटांची संख्या होते 26 कोटींहून जास्त. प्रश्नात तर घरं दहा हजारांपर्यंत असू शकतात.

दुसरा मोह लांब उडीचा. दरवेळी जमेल तेवढी लांब उडी मारावी, असं मनात येतं. 2, 3, 0, 1, 4 या यादीत तसं केलं तर पहिल्याच उडीत क्रमांक 2 च्या घरात जाऊन पडतो, आणि तिथे शून्य आहे. खरी वाट मात्र होती: एकच घर पुढे, मग तिथून तीन. छोटी उडी घेतली असती तर पोहोचलो असतो.

म्हणजे वाट कोणती घ्यावी हे ठरवायला गेलं की फसायला होतं. पण प्रश्न वाट विचारतच नाही. तो विचारतो, पोहोचता येतं का. मॅडमनी फळ्यावर पहिला कोड लिहिला तो ह्याच धाग्याने. प्रत्येक घरासमोर एक खूण ठेवायची: इथे पोहोचता येतं किंवा नाही.

```python
def slow(a):
    n = len(a)
    ok = [True] + [False] * (n - 1)
    for i in range(n):
        if ok[i]:
            for j in range(i + 1, min(i + a[i], n - 1) + 1):
                ok[j] = True
    return ok[-1]
```

सुरुवातीला फक्त पहिल्या घरावर खूण आहे. मग डावीकडून उजवीकडे जायचं. ज्या घरावर खूण आहे, त्या घरातून जिथे जिथे उडी जाते तिथे तिथे खूण करायची. शेवटी शेवटच्या घरावर खूण आहे का ते पाहायचं. मधली `if ok[i]` ही ओळ लक्षात ठेवा. तिचा अर्थ सरळ आहे: ज्या घरात मी पोहोचूच शकत नाही, त्या घरातल्या आकड्याशी मला काही देणंघेणं नाही. या कोडमध्ये ती ओळ कुणी विसरत नाही, कारण खुणांची यादी केलीच आहे त्या ओळीसाठी.

हा कोड बरोबर आहे, पण संथ आहे. दहा हजार घरं आणि प्रत्येकात मोठा आकडा असला तर खुणा करण्याचं काम साधारण पाच कोटी वेळा करावं लागतं, आणि त्यातल्या बहुतेक खुणा आधीच केलेल्या असतात.

दहा हजार खुणांचा एक आकडा

मॅडमनी वर्गाला विचारलं, “या खुणांकडे नीट बघा. दोन खुणांच्या मधे कधी रिकामं घर येईल का?”

थोडा वेळ शांतता होती. मग एक मुलगी म्हणाली, “नाही येणार, मॅडम. उडी ‘जास्तीत जास्त’ आहे ना. पाचव्या घरात जाता येत असेल तर चौथ्यातही जाता येईल.”

सगळं उत्तर या वाक्यात आहे. एखाद्या घरातून पाच घरांची उडी मारता येत असेल तर चार, तीन, दोन, एक याही उड्या मारता येतात. त्यामुळे पोहोचता येणारी घरं कायम सलग असतात. पहिल्यापासून एका ठरावीक घरापर्यंत सगळ्यांवर खूण, आणि त्यापुढे एकावरही नाही. मग दहा हजार खुणा सांभाळायच्या कशाला? खुणांची हद्द जिथे संपते तो क्रमांक तेवढा लक्षात ठेवला की झालं. त्याला म्हणूया पोहोच, कोडमध्ये `reach`. क्रमांक `i` च्या घरात `a[i]` असेल तर तिथून पोहोच `i + a[i]` पर्यंत जाते. जी मोठी ती ठेवायची.

```python
def can_jump(a):
    reach = 0
    for i in range(len(a)):
        if i > reach:
            return False
        reach = max(reach, i + a[i])
    return True
```

3, 2, 1, 0, 4 वर हा कोड चालवून बघू. क्रमांक 0 वर पोहोच 0 अधिक 3, म्हणजे 3. क्रमांक 1 वर 1 अधिक 2, पुन्हा 3. क्रमांक 2 वर 2 अधिक 1, पुन्हा 3. क्रमांक 3 वर 3 अधिक 0, तरीही 3. आता क्रमांक 4 ची पाळी. 4 हा 3 पेक्षा मोठा आहे, म्हणजे हे घर हद्दीबाहेर आहे. उत्तर नाही. प्रत्येक घराकडे एकदाच बघितलं आणि काम झालं. दहा हजार घरांना दहा हजार पावलं.

हे बरोबर का चालतं, याचं कारण एका विधानात मांडता येतं: लूपच्या प्रत्येक फेरीला 0 पासून `reach` पर्यंतच्या सगळ्या घरांत पोहोचता येतं. अशा विधानाला ‘लूप इन्व्हेरियंट’ म्हणतात, म्हणजे लूप फिरत असताना कधीच खोटं न पडणारं विधान. प्रोग्राम बरोबर आहे हे गणितासारखं सिद्ध करायची जी रीत टोनी होअर यांनी 1969 च्या निबंधात मांडली, तिचा हा कणा आहे. आपलं विधान सुरुवातीला खरं असतं, कारण पहिल्या घरात आपण उभेच आहोत. आणि `i` हे घर हद्दीत असेल तर तिथून `i + a[i]` पर्यंतची सगळी घरंही हद्दीत येतात, म्हणून पुढेही ते खरंच राहतं. यातला ‘`i` हे घर हद्दीत असेल तर’ हा भाग काढला की विधान कोसळतं. कोडमध्ये तो भाग म्हणजे `if i > reach` ही तपासणी.

संथ कोडमधली `if ok[i]` आणि ही `if i > reach` एकच गोष्ट विचारतात. खुणांची यादी एका आकड्यात आवळली, तेव्हा तपासणीही त्या आकड्याच्या रूपात यायला हवी होती. हातून ती निसटते ती नेमकी इथे. यादी गेली, तिच्यासोबत तिला विचारलेला प्रश्नही गेला. उरलेला कोड इतका आटोपशीर दिसतो की काही कमी आहे असं वाटत नाही.

ज्याला नाही म्हणता येत नाही

वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या वहीत पहिल्या खेपेला असं काहीसं होतं:

```python
def can_jump(a):
    reach = 0
    for i in range(len(a)):
        reach = max(reach, i + a[i])
    return reach >= len(a) - 1
```

कल्पना बरोबर पकडली आहे. पोहोच वाढवत न्यायची आणि शेवटी ती शेवटच्या घरापर्यंत जाते का ते पाहायचं. वाचताना कुठेही खटकत नाही. पण 3, 2, 1, 0, 4 घालून बघा. क्रमांक 3 पर्यंत पोहोच 3 आहे. शून्याने रस्ता अडवला आहे, पण लूपला ते कुणी सांगितलेलं नाही. लूप निवांत क्रमांक 4 वर जातो, तिथला 4 वाचतो आणि पोहोच 8 करून ठेवतो. उत्तर येतं: हो, पोहोचता येतं. ज्या घरात जाता येत नाही, त्या घरात उभं राहून उडी मोजली.

मॅडमनी इथे मुलांना थांबवलं आणि एक गोष्ट शोधायला लावली. “मला अशी एक यादी द्या, जिला हा कोड ‘नाही’ म्हणेल.”

मुलांनी बराच वेळ खटपट केली. सगळी शून्यं घालून पाहिली, तरी हो. एकच घर ठेवलं, तरी हो. अशी यादी मिळणार नाही, कारण ती नाहीच. लूप शेवटच्या घरापर्यंत जातो आणि शेवटच्या घराचा क्रमांक अधिक तिथला आकडा हा त्या क्रमांकापेक्षा कमी असूच शकत नाही. म्हणजे शेवटच्या फेरीत पोहोच शेवटच्या घराला शिवणारच, मधे काहीही असो. हा कोड दिसायला यादी वाचतो, बेरजा करतो, मोठा आकडा निवडतो, पण उत्तर आधीच ठरलेलं आहे. त्याऐवजी नुसतं `return True` लिहिलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

ज्या टेस्ट केसचं खरं उत्तर ‘हो’ आहे, त्या सगळ्या हा कोड पास करतो. कुणी फक्त पोहोचता येणाऱ्या याद्या घालून तपासल्या तर शंभरातल्या शंभर हिरव्या दिसतील. म्हणून जिचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं असतं त्या कोणत्याही कोडच्या बाबतीत मॅडमचा पहिला प्रश्न हाच असतो: हा कोड दोन्ही उत्तरं देऊ शकतो का?

नमुन्यातून सुटणारा बग

वर्गातल्या एका मुलाचा कोड मात्र 3, 2, 1, 0, 4 ला बरोबर ‘नाही’ म्हणत होता, आणि त्यातही तपासणी नव्हती. त्याने लूप एक घर आधी थांबवला होता: `range(len(a) - 1)`. त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. शेवटच्या घरात पोहोचल्यावर तिथला आकडा बघायची गरज काय?

वरच्यापेक्षा हा बग मला जास्त धोकादायक वाटतो, कारण हा नमुन्यात पकडला जात नाही. त्या यादीत शून्य शेवटच्या घराला अगदी खेटून आहे. शून्याच्या पलीकडे फक्त शेवटचं घर उरतं आणि लूप तिथे जातच नाही. म्हणून हद्दीबाहेरचा आकडा वाचण्याची संधी मिळत नाही आणि उत्तर योगायोगाने बरोबर येतं. संकेतस्थळावरचे दोन्ही नमुने हा कोड पास करतो.

त्याला उघडं पाडायचं तर शून्याच्या पलीकडे, शेवटच्या घराच्या अलीकडे, निदान एक घर हवं आणि त्या घरात उडी हवी. सगळ्यात छोटी अशी यादी तीन घरांची: 0, 1, 0. पहिल्याच घरात शून्य, जागचं हलता येत नाही. पण कोड क्रमांक 1 वर जातो, 1 अधिक 1 म्हणजे 2 करतो, आणि 2 हा शेवटचा क्रमांक असल्याने हो म्हणतो.

तीन घरं आणि प्रत्येकात 0, 1 किंवा 2 असं धरलं तर एकूण 27 याद्या होतात. त्या हाताने तपासता येतात. 27 पैकी 12 याद्यांचं खरं उत्तर ‘नाही’ आहे. पहिला कोड त्या बाराही ठिकाणी चुकतो. हा दुसरा कोड फक्त सहा ठिकाणी चुकतो, पहिल्या घरात शून्य आणि दुसऱ्यात काहीतरी असेल तिथे. निम्म्या वेळा बरोबर ‘नाही’ म्हणणाऱ्या कोडवर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

सगळीच शून्यं वाईट नसतात

बग शून्याशी जोडलेला आहे हे कळलं की पहिली दुरुस्ती सुचते ती अशी: शून्य दिसलं की ‘नाही’ म्हणून मोकळं व्हायचं. हेही चुकतं. 2, 0, 1 घ्या. पहिल्या घरातून दोन घरांची उडी मारली की शून्यावरून पलीकडे थेट शेवटी. आणि यादीत एकच घर असून त्यात शून्य असेल, तर आपण शेवटच्या घरात उभेच आहोत, उत्तर ‘हो’ आहे.

शून्य नेमकं कधी अडवतं ते पाहायला आठ घरांची एक यादी घेऊ: 2, 0, 2, 0, 1, 0, 3, 1.

क्रमांक 0 वर पोहोच 2 झाली. क्रमांक 1 वर पहिलं शून्य आहे, पण पोहोच 2 आहे, म्हणजे त्याच्या पलीकडे आपण आधीच जाऊ शकतो. शून्याने काही बिघडवलं नाही. क्रमांक 2 वर पोहोच 4 झाली. क्रमांक 3 वर दुसरं शून्य, पोहोच 4, पुन्हा पलीकडे. क्रमांक 4 वर 4 अधिक 1, पोहोच 5. आता क्रमांक 5 वर तिसरं शून्य, आणि पोहोचही 5. इथे अडलो. आतापर्यंतच्या एकाही घरातून या शून्याच्या पलीकडे उडी जात नाही. क्रमांक 6 आला की 6 हा 5 पेक्षा मोठा, उत्तर ‘नाही’.

तीन शून्यं, त्यातली दोन निरुपद्रवी आणि एक वाट अडवणारं. फरक शून्यात नाही, शून्यावर आलो तेव्हा पोहोच कुठे होती यात आहे. पोहोच त्या शून्याच्या पुढे असेल तर ते ओलांडता येतं. पोहोच बरोबर त्या शून्यावरच संपत असेल तर खेळ संपला.

उलट बाजूनेही हे खरं आहे. पोहोच ज्या घरावर संपते तिथे शून्याखेरीज कुठलाही आकडा असेल तर पोहोच निदान एका घराने पुढे सरकतेच. म्हणून अडायचं झालं तर शून्यावरच अडतं, दुसरीकडे कुठे नाही. शेवटचं घर सोडून कुठेही शून्य नसेल तर एकेक पाऊल टाकत का होईना, शेवटपर्यंत पोहोचता येतंच. बरोबर कोडमध्ये मात्र शून्याचं नावही नाही. तो फक्त विचारतो, मी हद्दीत आहे का. शून्याची वेगळी अट घालायची गरज पडत नाही, आणि जो घालतो तो बहुतेक वेळा शेवटच्या घरातलं शून्य विसरतो. ‘पोहोच इथेच संपली आणि इथे शून्य आहे, म्हणून नाही’ असं सगळ्या घरांना लावलं तर 1, 0 या साध्या यादीवर कोड चुकतो, कारण तिथे पोहोच संपते ती मुक्कामावरच.

हीच आठ घरांची यादी लूप एक घर आधी थांबवणाऱ्या त्या मुलाच्या कोडला दिली, की तो क्रमांक 6 वर जातो, तिथले 3 मिळवून पोहोच 9 करतो आणि हो म्हणतो. त्याला हे दाखवल्यावर त्याने यादीतल्या 5 आणि 6 क्रमांकांच्या मधे पेनाने एक उभी रेघ मारली आणि म्हणाला, “मी या रेघेच्या पलीकडचं वाचतोय.” बगचं यापेक्षा नेमकं वर्णन मला सुचणार नाही.

हाच बग, वेगळं लक्षण

या प्रश्नाचा धाकटा भाऊ लीटकोडवर 45 क्रमांकाला आहे. तिथे पोहोचता येतं का हे विचारत नाहीत, कमीत कमी किती उड्यांत पोहोचता येतं ते विचारतात. त्यासाठी पोहोच टप्प्याटप्प्याने वाढवायची: एका उडीत कुठवर, दोन उड्यांत कुठवर.

```python
def min_jumps(a):
    start = end = far = count = 0
    while end < len(a) - 1:
        for i in range(start, end + 1):
            far = max(far, i + a[i])
        start, end = end + 1, far
        count += 1
    return count
```

त्या प्रश्नात आधीच सांगून टाकलेलं असतं, की शेवटच्या घरात पोहोचता येतंच. त्या भरवशावर हा कोड बरोबर आहे. पण तो उचलून दुसरीकडे लावला आणि 3, 2, 1, 0, 4 दिली, तर तो संपतच नाही. पहिल्या उडीत `end` 3 झाला. दुसऱ्या टप्प्यात क्रमांक 1 ते 3 पाहिले, `far` 3 च राहिला. त्यानंतर `start` 4 आणि `end` 3, म्हणजे आतल्या लूपला पाहायला घरच उरलं नाही. बाहेरचा लूप मात्र फिरत राहतो, उड्यांची संख्या वाढत राहते आणि स्क्रीनवर काहीच येत नाही.

इथे हद्दीबाहेरचं काही वाचलेलं नाही, तरी कारण तेच आहे: पोहोच पुढे सरकली नाही हे कुणी तपासलंच नाही. आतला लूप संपल्यावर `far == end` असेल तर थांबायचं आणि पोहोचता येत नाही असं सांगायचं, एवढी एक ओळ पुरते. लक्षणावरून रोग ओळखता येतो. चुकीचा ‘हो’ आला तर कोडने शून्यापलीकडचं वाचलं. कोड अडकून बसला तर तो शून्यावर उभा राहून पुढे सरकण्याची वाट बघतो आहे.

मागून आलं तर

मूळ प्रश्न उलट्या दिशेनेही सुटतो. शेवटच्या घराला मुक्काम म्हणायचं आणि मागे मागे यायचं. एखाद्या घरातून मुक्कामापर्यंत उडी जात असेल तर आता ते घरच नवा मुक्काम. शेवटी मुक्काम पहिल्या घरात आला तर उत्तर ‘हो’.

3, 2, 1, 0, 4 मध्ये मुक्काम क्रमांक 4. क्रमांक 3 वरून तिथे जाता येत नाही, 2 वरून नाही, 1 वरून नाही, 0 वरूनही नाही. मुक्काम जागचा हलला नाही, उत्तर ‘नाही’. इथे विसरण्यासारखी तपासणीच नाही. मुक्काम म्हणजे जिथून शेवटी जाता येतं असं घर, आणि उडी तिथवर जाते की नाही हे विचारल्याशिवाय मुक्काम हलतच नाही. हद्दीत आहे का हा प्रश्न पाऊल टाकण्याच्या अटीतच मुरलेला आहे.

म्हणून विसराळू हातांना ही रीत जास्त सुरक्षित. पण तिला यादी शेवटपर्यंत हाताशी लागते, आणि ‘नाही’ आल्यावर कुठे अडलं ते ती सांगत नाही. पुढून जाणारा कोड अडतो त्या क्षणी `reach` मध्ये अडवणाऱ्या शून्याचाच क्रमांक असतो. वरच्या आठ घरांच्या यादीत तो 5 होता. कुठल्या जागी दुरुस्ती करायची हे हवं असेल तर पुढूनच जावं लागतं.

आकडा कधी पुरत नाही

एका आकड्यावर सगळं निभावलं, कारण उडी ‘जास्तीत जास्त’ होती आणि त्यामुळे पोहोचता येणारी घरं सलग होती. हे बदललं की रीतही सुटते. लीटकोडच्याच 1306 क्रमांकाच्या प्रश्नात घरातल्या आकड्याइतकीच उडी मारायची असते, कमी नाही, आणि ती पुढे किंवा मागे. 1871 मध्ये उडीला कमीत कमी लांबीही ठरलेली असते आणि काही घरांत उतरायलाच बंदी असते. दोन्हीकडे पोहोचता येणाऱ्या घरांमधे रिकामी घरं राहतात. तिथे फक्त सगळ्यात लांबची पोहोच सांभाळली, तर मधल्या ज्या घरात पाय ठेवता येत नाही तेही हद्दीत मोजलं जातं. म्हणजे पुन्हा तोच बग, आणि या खेपेला `if i > reach` असूनही. अशा वेळी खुणांच्या यादीकडे परत जावं लागतं.

वर्गाच्या शेवटी मॅडमनी मुलांना संथ कोड पुसू दिला नाही. त्याचं काम आता वेगळं होतं. घरं एक ते सहा आणि प्रत्येकात 0 ते 3 असं धरलं तर एकूण 5,460 याद्या होतात. सगळ्या याद्या दोन्ही कोडना द्यायच्या आणि उत्तरं जिथे जुळत नाहीत तिथे थांबून ती यादी छापायची. छोट्या यादीपासून सुरुवात केली तर पहिली न जुळणारी यादीच बगची सगळ्यात छोटी खूण असते. तपासणी अजिबात नसलेल्या कोडला ती दोन घरांतच सापडते: 0, 0. लूप एक घर आधी थांबवणाऱ्याला तीन घरांत: 0, 1, 0. शून्य दिसताच ‘नाही’ म्हणणाऱ्याला एकाच घरात: 0. आणि पोहोच शून्यावर संपली की शेवटचं घर न बघता ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही त्याच एका घरात. हाताने तपासायची वेळ आली तर या तिघींच्या जोडीला 2, 0, 1 आणि ती आठ घरांची यादी ठेवा. या पाच याद्या ज्याने बरोबर सोडवल्या, त्याच्या कोडमध्ये या चारांपैकी एकही बग नाही.